रजेचा मेल : विषयाची ओळ आणि पहिले वाक्य

रजेचा मेल मॅनेजर उघडतो, त्याआधीच त्याने त्यातले थोडेफार वाचलेले असते. इनबॉक्सच्या यादीत पाठवणाऱ्याचे नाव दिसते, मग विषयाची ओळ आणि बहुतेक ठिकाणी तिच्या शेजारी किंवा खाली मजकुराचे पहिले काही शब्द. मोबाइलवर जागा आणखी कमी असते. विषयाची साधारण पहिली तीस-चाळीस अक्षरे दिसतात, उरलेली तीन टिंबांमागे जातात. दिवसाला पन्नास-साठ मेल येणारा माणूस एवढ्यावरच ठरवतो, की हा मेल आत्ता उघडायचा, जेवणानंतर उघडायचा की राहू द्यायचा. म्हणून रजेच्या मेलमधल्या विषयाच्या ओळीचा आणि पहिल्या वाक्याचा विचार एकत्रच करावा लागतो.

मराठीत रजेचा अर्ज लिहायची जी पद्धत शाळेपासून अंगवळणी पडलेली असते, ती कागदाची आहे. वर ‘विषय : रजा मिळणेबाबत’, खाली ‘महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय विनंती अर्ज करते की, मी आपल्या कार्यालयात लेखा विभागात कार्यरत असून...’ अशी सुरुवात. कागदावर त्यात काही बिघडत नसे. साहेबांसमोर अख्खे पान असे आणि तारखा दोन बोटे खाली सापडत. तोच मजकूर मेलमध्ये जसाच्या तसा उतरवला, की यादीत ‘रजा मिळणेबाबत’ आणि ‘महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून’ एवढेच दिसते. रजा कधीची, किती दिवसांची, याचा पत्ता लागत नाही. शिवाय विभागातल्या प्रत्येकाने तोच विषय लिहिला, तर सणासुदीच्या तोंडावर मॅनेजरच्या यादीत एकासारखे एक पाच-सहा मेल जमतात.

रजेचा मेल वाचताना मॅनेजरला चार गोष्टी हव्या असतात : कोणत्या तारखा, कामाचे किती दिवस, परत कधी आणि आपण काय करायचे. पहिल्या तिन्हींवरून तो कामाचे वेळापत्रक पाहतो, त्या दिवसांत आणखी कोण रजेवर आहे ते तपासतो. चौथीवरून त्याला कळते, की मंजुरी द्यायची आहे, पर्यायी माणूस नेमायचा आहे की नुसती नोंद घ्यायची आहे. कारण पाचव्या क्रमांकाला येते. लिहिणारा मात्र बहुधा कारणापासून सुरुवात करतो, कारण त्याच्या मनात तेच मोठे असते.

आधी तारखांचा हिशोब

विषयाची ओळ नेमकी व्हायची, तर ती लिहिण्याआधी कॅलेंडर उघडावे लागते. मुंबईतल्या एका खासगी कंपनीच्या लेखा विभागातली कर्मचारी उदाहरणादाखल घेता येईल. तिला गणपतीसाठी कणकवलीजवळच्या गावी जायचे आहे. 2026 साली गणेश चतुर्थी सोमवारी, 14 सप्टेंबरला आहे. कंपनीला शनिवार-रविवारी साप्ताहिक सुट्टी असते आणि चतुर्थीचीही सुट्टी आहे. ती शनिवारी 12 तारखेला निघणार, गौरी-गणपती आटोपून पुढच्या रविवारपर्यंत परतणार.

आता मोजणी. 12 आणि 13 साप्ताहिक सुट्टी, 14 सणाची सुट्टी, 15 ते 18 कामाचे चार दिवस, 19 आणि 20 पुन्हा साप्ताहिक सुट्टी, 21 ला सोमवारी कामावर हजर. रजा चार दिवसांची आहे, पण ती कार्यालयात सलग नऊ दिवस नसणार. दोन्ही आकडे खरे आहेत आणि दोघांचा उपयोग वेगळा आहे. रजेच्या खात्यातून चार दिवस वजा होतील, कामाची आखणी मात्र नऊ दिवसांची करावी लागेल. ‘गणपतीसाठी आठवडाभर रजा हवी आहे’ असे लिहिले, तर यातला कोणताच आकडा कळत नाही. आठवडा म्हणजे पाच दिवस, सहा दिवस की सात, हे वाचणाऱ्याने आपापल्या परीने धरायचे.

मोजणी आधी करण्याचे आणखी एक कारण आहे. अनेक कंपन्यांत ज्याला ‘सँडविच रूल’ म्हणतात तो नियम असतो : रजेच्या दोन दिवसांच्या मध्ये आलेली सुट्टीसुद्धा रजेतच मोजायची. या कर्मचारीने शुक्रवारची 11 तारीखही रजेत घेतली, तर 12, 13 आणि 14 या सुट्ट्या दोन बाजूंच्या रजांमध्ये अडकतात. मग पाच दिवसांऐवजी 11 ते 18 असे आठ दिवस खात्यातून जातात. नियम प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, म्हणून दिवसांचा आकडा लिहिण्याआधी तो पाहून घ्यावा लागतो. सरकारी कार्यालयांत रजेच्या आधी किंवा नंतर येणारी सुट्टी जोडून घ्यायची असेल, तर तसा उल्लेख अर्जातच करण्याची पद्धत आहे. मुख्यालय सोडायचे असेल, तर त्याचीही परवानगी मागितली जाते.

विषयाची ओळ

या उदाहरणातली विषयाची ओळ पायरीपायरीने बांधता येते. सुरुवातीला मनात येते ते ‘रजेबाबत’. त्यातून मेल रजेचा आहे एवढेच कळते. पुढची पायरी ‘गणपतीसाठी रजा’. यात कारण आले, पण गणपती कुणाचा दीड दिवसाचा असतो, कुणाचा पाच दिवसांचा, कुणाचा अनंत चतुर्दशीपर्यंतचा, त्यामुळे तारखा अजून अंदाजाच्याच. तिसरी पायरी अशी :

रजा: 15 ते 18 सप्टेंबर (4 दिवस)

इथे काम बरेचसे झाले. ओळ तीसेक अक्षरांची आहे, त्यामुळे मोबाइलवरही ती बहुधा अखंड दिसते. ‘रजा’ हा शब्द सगळ्यांत आधी आला, म्हणजे पुढचे कापले गेले तरी मेल कशाचा आहे ते कळते आणि तीन महिन्यांनी शोधताना तो शब्द टाकला की मेल सापडतो. तारखेपाठोपाठ कंसात दिवस दिले आहेत. दोन्ही एकमेकांशी ताडून पाहता येतात. घाईत कोणी ‘15 ते 19 सप्टेंबर (4 दिवस)’ लिहिले, तर काहीतरी चुकले आहे हे मॅनेजरच्या लगेच लक्षात येते. नुसते ‘15 ते 19’ लिहिले असते, तर ती चूक मंजुरीतही तशीच उतरली असती.

महिना अक्षरांतच लिहावा. 5/9 असे लिहिले, तर भारतात ते 5 सप्टेंबर. पण मॅनेजर अमेरिकेतल्या कार्यालयात बसत असेल, तर तो ते 9 मे असे वाचण्याची शक्यता असते, कारण तिथे महिना आधी लिहितात. पुण्या-मुंबईतल्या कितीतरी कंपन्यांत थेट वरिष्ठ परदेशात असतो. अशा ठिकाणी मेल इंग्रजीतच जातो, पण क्रम हाच राहतो : आधी रजा, मग तारखा, मग दिवस.

उत्तर ठरावीक दिवसापर्यंत हवे असेल, तर ते शेवटी जोडावे. कोकणात गणपतीला जाणाऱ्यांच्या बाबतीत तो दिवस रेल्वेच्या आरक्षणावरून ठरतो. 1 नोव्हेंबर 2024 पासून आगाऊ आरक्षणाची मुदत 120 दिवसांवरून 60 दिवसांवर आली. त्यामुळे 12 सप्टेंबरच्या गाडीचे आरक्षण 14 जुलैला, मंगळवारी उघडते. गणपतीच्या गाड्या बघता बघता भरतात, तेव्हा त्याआधीच रजेचे नक्की व्हायला हवे. म्हणून ही कर्मचारी सोमवारी 6 जुलैला मेल पाठवते आणि विषय असा लिहिते :

रजा: 15 ते 18 सप्टेंबर (4 दिवस), मंजुरी 10 जुलैपर्यंत हवी

10 जुलै म्हणजे शुक्रवार, आरक्षण उघडण्याआधीचा कामाचा शेवटून दुसरा दिवस. सोमवारचा एक दिवस तिने हाताशी ठेवला आहे. अशी तारीख लिहिली, की ‘तातडीचे’, ‘अत्यंत महत्त्वाचे’ किंवा उद्गारचिन्हांची रांग यांची गरज उरत नाही. सप्टेंबरच्या रजेसाठी जुलैमध्ये ‘तातडीचे’ लिहिलेले पाहून मॅनेजर बुचकळ्यात पडेल. तारीख लिहिली तर घाई कशाची आणि केव्हापर्यंतची, हे त्याला समजते.

विषयात काय नसावे, हेही यावरून ठरते. स्वतःचे नाव तिथे लागत नाही, ते पाठवणाऱ्याच्या रकान्यात असतेच. मात्र मॅनेजर असे मेल पुढे एचआरकडे पाठवत असेल, तर पुढच्या माणसाला पाठवणारा म्हणून मॅनेजरच दिसतो. अशा कार्यालयात ओळीच्या शेवटी नाव किंवा कर्मचारी क्रमांक जोडणे सोयीचे पडते. ‘नम्र विनंती’, ‘कृपया’ हे शब्द मजकुरात शोभतात. विषयात ते आधी आले, तर त्यांनी अडवलेल्या जागेमुळे तारखा टिंबांमागे जातात.

पहिले वाक्य

विषयात तारखा येऊन गेल्या, मग पहिल्या वाक्यात त्या पुन्हा कशाला, असे वाटू शकते. मेल उघडल्यावर नजर थेट मजकुरावर जाते. मंजुरी देणारा ‘मंजूर’ असे उत्तर लिहितो, तेव्हा त्याच्या खाली तो मजकूरच राहतो. पुढे वाद झाला, तर आधार त्या वाक्याचाच असतो. म्हणून पहिले वाक्य स्वतःच्या पायावर उभे राहावे लागते. आधीच्या उदाहरणात ते असे होईल :

नमस्कार सर,
मंगळवार 15 ते शुक्रवार 18 सप्टेंबर अशी 4 दिवसांची अर्जित रजा गावी गणपतीसाठी मंजूर करावी, ही विनंती. सोमवार 21 सप्टेंबरला मी कामावर हजर होईन.

यात वार नव्याने आले आहेत. वार आणि तारीख एकत्र लिहिली, की चूक लपत नाही. ‘मंगळवार 16 सप्टेंबर’ असे लिहिले गेले, तर कॅलेंडर पाहणारा लगेच विचारतो. रजेचा प्रकारही इथे आला. तो महत्त्वाचा असतो, कारण प्रत्येक प्रकारचे खाते वेगळे. महाराष्ट्रातल्या दुकाने व आस्थापनांसाठीच्या 2017 च्या अधिनियमात वर्षाला 8 दिवस किरकोळ रजा आहे आणि ती वर्षअखेर संपून जाते. अर्जित रजा मात्र 45 दिवसांपर्यंत साठवता येते. प्रकार लिहिला नाही, तर भलत्याच खात्यातून दिवस वजा होण्याची शक्यता राहते. बोलताना लोक सीएल, पीएल म्हणतात. कार्यालयात जो शब्द रुळलेला आहे, तोच मेलमध्ये वापरावा.

कारण दोन शब्दांत संपले आहे : ‘गावी गणपतीसाठी’. मॅनेजरला त्यापेक्षा जास्त लागत नाही. गेल्या वर्षी जाता आले नाही, आई थकली आहे, भावाला सुट्टी मिळत नाही, हे सगळे खरे असले तरी ते पहिल्या वाक्यात आले, तर वाक्य लांबते आणि मागणी शेवटी ढकलली जाते. हेच वाक्य अनेकदा असे लिहिलेले आढळते : ‘दरवर्षीप्रमाणे यंदाही आमच्या गावी गणेशोत्सव मोठ्या प्रमाणात साजरा होत असल्याने व घरातील सर्व मंडळी एकत्र येत असल्याने मला काही दिवस गावी जाणे आवश्यक आहे.’ हे वाक्य पूर्ण वाचून झाले, तरी ना तारीख कळते, ना रजा मागितली आहे की नुसती माहिती दिली आहे हे कळते.

क्रियापदाकडेही लक्ष द्यावे लागते. ‘मी 15 ते 18 रजेवर असेन’ यात मंजुरी गृहीत धरली आहे. आधीच बोलणे झाले असेल तर हे चालते, नाही तर वरिष्ठाला ते खटकते. ‘रजा मिळाली तर बरे होईल’ किंवा ‘जमेल का?’ यात मागणी इतकी मऊ होते, की आत्ता उत्तर दिले नाही तरी चालेल असे वाचणाऱ्याला वाटते. ‘मंजूर करावी, ही विनंती’ यात अदब आहे आणि नेमके काय हवे तेही आहे. आधी तोंडी बोलणे झाले असेल, तर ‘शुक्रवारी आपले बोलणे झाल्याप्रमाणे’ एवढे जोडले की पुरते. ‘आपल्याला त्रास देत असल्याबद्दल क्षमस्व’ अशी सुरुवात मात्र टाळावी. रजा हा नोकरीच्या अटींतलाच भाग आहे, आणि क्षमेने सुरू झालेल्या वाक्यात यादीत दिसणारी जागा क्षमेतच खर्च होते.

पहिले वाक्य एवढ्यावर थांबवून कामाचा उल्लेख दुसऱ्या वाक्यात करावा. लेखा विभागात तो टाळता येत नाही. 15 सप्टेंबर ही आगाऊ प्राप्तिकराच्या दुसऱ्या हप्त्याची शेवटची तारीख आहे, आणि दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-3बी ची मुदत 20 तारखेपर्यंत असते. एक तारीख रजेच्या पहिल्या दिवशी, दुसरी परतण्याच्या आदल्या दिवशी, तीही रविवारी. मॅनेजरला ही अडचण सांगावी लागत नाही, तारखा वाचताच त्याला ती आठवते. म्हणून ही कर्मचारी पुढे लिहिते : ‘12 ते 20 सप्टेंबर असे सलग 9 दिवस मी कार्यालयात नसेन, आगाऊ कराचे चलन शुक्रवार 11 पर्यंत भरून होईल आणि जीएसटीआर-3बी चे आकडे त्याच दिवशी तयार करून सहकाऱ्याकडे सोपवेन.’ नऊ दिवसांचा आकडा इथे येतो. विषयात तो आला असता, तर चार आणि नऊ यांचा घोळ झाला असता.

आजारपणाची रजा

आजारपणाच्या मेलची रचना वेगळी असते, कारण तिथे मंजुरी मागण्याला वेळच नसतो. सकाळी तापाने फणफणलेला माणूस कळवतो, विचारत नाही. विषय असा पुरेसा होतो :

आजारपणाची रजा: बुधवार 8 जुलै

‘आज येऊ शकत नाही’ हा विषय सर्रास दिसतो आणि तोच फसवतो. मॅनेजर त्या दिवशी बैठकीत किंवा प्रवासात असला आणि मेल त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिला, तर ‘आज’चा अर्थ बदलतो. रात्री पावणेबारा वाजता लिहिलेल्या ‘उद्या’चेही तसेच. तो मेल मध्यरात्रीनंतर वाचला, की ‘उद्या’ एका दिवसाने पुढे सरकतो. वार आणि तारीख लिहिली तर हा प्रश्नच उरत नाही.

पहिल्या वाक्यात शेवटची तारीख देता येत नाही, कारण ताप कधी उतरेल हे माहीत नसते. तिच्या जागी पुढची खबर केव्हा मिळेल ते द्यावे : ‘ताप असल्यामुळे आज, बुधवार 8 जुलैला, मी कामावर येऊ शकत नाही, उद्याचे आज संध्याकाळी 6 पर्यंत कळवते.’ मॅनेजरला यावरून आजची व्यवस्था करता येते आणि उद्याची कधी करायची तेही कळते. असा मेल कामाची वेळ सुरू होण्याआधी पोहोचावा लागतो. सकाळी मेल पाहिला जाण्याची खात्री नसेल, तर सोबत फोन किंवा व्हॉट्सॲपवर संदेश द्यावा. नोंद मेलने होते, निरोप फोनने लवकर पोहोचतो.

आजाराचे नाव विषयात लिहू नये. विषयाची ओळ फोनच्या बंद पडद्यावर सूचनेत झळकते, बैठकीत पडद्यावर इनबॉक्स उघडला तर सगळ्यांना दिसते आणि मेल पुढे पाठवला की तशीच जाते. शस्त्रक्रिया, गर्भपात, मानसिक उपचार यांचा उल्लेख तर ‘वैद्यकीय कारण’ एवढ्यावरच ठेवावा. प्रमाणपत्र लागत असेल, तर ते एचआरकडे वेगळे देता येते. घरात कुणाचे निधन झाले असेल, तरी विषयात तारखा आणि ‘तातडीची रजा’ एवढे पुरते. बाकीचे पहिल्या वाक्यात साध्या शब्दांत सांगावे.

तारखा बदलल्या तर

मंजूर झालेल्या रजेत बदल करायचा असतो, तेव्हा लोक जुन्याच मेलला उत्तर देतात. विषयात मग जुन्या तारखा तशाच राहतात आणि नव्या तारखा मजकुरात दडतात. यादीवरून नजर फिरवणाऱ्याला वाटते, हा मेल तर आधीच मार्गी लागला आहे. समजा, परतीच्या गाडीचे तिकीट न मिळाल्याने या कर्मचारीला सोमवारी 21 ला हजर होता येणार नाही. तिने विषय बदलायला हवा :

रजेत बदल: 18 ऐवजी 21 सप्टेंबरपर्यंत

जीमेलमध्ये उत्तर देताना विषय बदलला, की तो मेल जुन्या संभाषणातून सुटून वेगळा दिसू लागतो. त्यामुळे जुन्या मंजुरीचा उल्लेख पहिल्याच वाक्यात यावा लागतो : ‘मंजूर झालेली 15 ते 18 सप्टेंबरची रजा सोमवार 21 सप्टेंबरपर्यंत वाढवावी, ही विनंती, आता मी मंगळवार 22 ला कामावर हजर होईन.’ दिवसांची मोजणीही पुन्हा करावी लागते. साध्या हिशोबाने रजा पाच दिवसांची झाली, पण सँडविच रूल असेल तर 19 आणि 20 हे दोन दिवस आता मध्ये सापडले आणि आकडा सातवर गेला. आकडा एचआरशी ताडून घेईपर्यंत तो विषयात लिहू नये. तारखा मात्र लिहाव्यातच.

मेल नीट जमला की नाही

ते मॅनेजरच्या उत्तरावरून कळते. ‘मंजूर’ किंवा ‘या तारखांना जमणार नाही’ असे सरळ उत्तर आले, तर लागणारी सगळी माहिती मेलमध्ये होती. ‘कधीपासून?’ असे आले, तर तारखा सापडल्या नाहीत. ‘शुक्रवारी आहात ना?’ असे आले, तर शेवटची तारीख किंवा हजर होण्याचा दिवस संदिग्ध राहिला. ‘ओके’ एवढेच आले, तर वाक्यात विनंती होती की माहिती, हे वाचणाऱ्याला नीट कळले नसण्याची शक्यता आहे. अशा वेळी ‘रजा मंजूर समजून पोर्टलवर नोंद करते’ अशी एक ओळ लिहून खात्री करून घ्यावी.

मेल कितीही नेमका असला, तरी रजेची नोंद जिथे पोर्टलवर होते तिथे नुसता मेल पुरत नाही. खात्यातले दिवस पोर्टलवरच्या अर्जावरून वजा होतात. दोन्हीकडच्या तारखा एकसारख्या असल्या, की पगाराच्या वेळी प्रश्न निघत नाही. उत्तर न येणे ही मंजुरी नसते. विषयात लिहिलेली 10 जुलै उलटून गेली आणि उत्तर आले नाही, तर त्याच मेलवर एक स्मरणाची ओळ पाठवावी किंवा समोर जाऊन विचारावे, आणि होकार मिळाल्यावरच तिकीट काढावे.